एकाच वाइनला दोन आणि सतरा

समोर आहे तो एका छापील तक्त्याचा फोटो. पान जरा वाकडे धरलेले, उजवीकडचे रकाने कडेला दबलेले आणि आकडे बारीक. ओळी अकरा, म्हणजे अकरा परीक्षक. रकाने दहा, म्हणजे दहा रेड वाइन. गुण प्रत्येकी वीसपैकी. प्रसंग २४ मे १९७६चा, स्थळ पॅरिसमधले इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेल. स्टीव्हन स्परियर या पॅरिसमध्ये वाइनचे दुकान चालवणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्याने त्या दुपारी बाटल्यांची ओळख झाकून कॅलिफोर्निया आणि फ्रान्सच्या वाइन एकाच पंक्तीत बसवल्या. आधी व्हाइट झाल्या, मग रेड. दोन्हींत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाचा आला. जॉर्ज टेबर हा एकच पत्रकार तिथे हजर होता. त्याची बातमी जूनमध्ये ‘टाइम’मध्ये आली आणि पुढे २००५ साली त्याने या दुपारीवर पुस्तकच लिहिले.

निकाल काय लागला हे सर्वांना ठाऊक आहे. मला पाहायच्या होत्या त्यातल्या दोनच ओळी. एक ओदेत काह्न यांची. त्या फ्रान्समधल्या ‘रेव्ह्यू द्यु व्हँ द फ्रान्स’ या वाइनविषयक नियतकालिकाच्या संपादक. निकाल कळल्यावर त्यांनी आपली गुणपत्रिका परत मागितली आणि ती त्यांना मिळाली नाही. दुसरी ओळ पॅट्रिशिया गॅलाघर यांची. त्या अमेरिकन, आणि स्परियर यांच्या ‘अकादेमी द्यु व्हँ’मधल्या सहकारी. ही चाचणी भरवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. हाइट्झच्या ‘मार्थाज व्हिनयार्ड’ १९७० या वाइनला काह्न यांनी २ गुण दिले आणि गॅलाघर यांनी १७. एकाच बाटलीतल्या वाइनला. या दोघींच्या आवडीनिवडी खरोखर उलट्या होत्या, की हा एका रकान्यापुरता अपघात होता? स्पिअरमनचा क्रमसहसंबंध गुणांक नेमका याच प्रश्नासाठी आहे.

पण गणिताआधी फोटो तपासायला हवा. वाकड्या पानावर १७ आणि १२ यांत फार अंतर राहत नाही, आणि आपला सगळा प्रश्न त्या १७वरच उभा आहे. सुदैवाने या तक्त्याला दोन बाहेरचे साक्षीदार आहेत. पहिला साक्षीदार म्हणजे अकरा जणांची सरासरी, जी अनेक ठिकाणी छापली गेली आहे. हाइट्झची ती सरासरी १०.३६ आहे. तिला अकराने गुणले की ११३.९६ येतात, म्हणजे मूळ बेरीज ११४. फोटोतला रकाना वरून खाली असा वाचतो: १२, ७, ११, १७, २, ८, १०, १३, १५, १०, ९. बेरीज ११४. १७च्या जागी १२ असते तर सरासरी ९.९१ झाली असती. एकाच रकान्यात एकमेकांना बरोबर पुसून टाकणाऱ्या दोन चुका झाल्या असण्याची शक्यता उरते, पण ती फार दूरची आहे. तेव्हा गॅलाघर यांचे १७ आणि काह्न यांचे २ मी पक्के धरतो.

दुसरा साक्षीदार अधिक बोलका आहे. पहिल्या आलेल्या ‘स्टॅग्ज लीप’ १९७३च्या रकान्याची बेरीज १५५.५ भरते. पण स्परियर यांच्या अधिकृत निकालात तिचे गुण १२७.५ आहेत. फरक २८. ‘ओ-ब्रियाँ’ १९७०ची बेरीज १४५.५, अधिकृत गुण १२५.५, फरक २०. स्टॅग्ज लीपला गॅलाघर यांनी १४ आणि खुद्द स्परियर यांनी १४ दिले होते. ओ-ब्रियाँला गॅलाघर यांनी १२ आणि स्परियर यांनी ८. दोन्हीकडे हिशेब तंतोतंत बसतो. अधिकृत निकालात फक्त नऊ फ्रेंच परीक्षक मोजले होते, हे इतर वृत्तान्तांतही आहेच. पण तक्ता आपल्या आकड्यांतूनच ते सांगतो. या तपासणीत गॅलाघर यांच्या ओळीतले आणखी दोन आकडेही पडताळून निघतात. आणि त्याहून महत्त्वाचे, आपण ज्या दोन ओळी शेजारी ठेवणार आहोत त्यांतली एक निकालात धरलेली आहे आणि दुसरी धरलेलीच नाही, हे स्पष्ट होते.

आता त्या दोन ओळी. कंसात मी प्रत्येकीचा क्रम लिहिला आहे. सर्वाधिक गुणांना क्रम १. जिथे गुण सारखे आहेत तिथे त्या जागांची सरासरी. काह्न यांनी चार वाइनना १२ गुण दिले. त्या चौघींच्या वाट्याला तिसरी, चौथी, पाचवी आणि सहावी जागा येते, म्हणून चौघींनाही ४.५.

| वाइन | काह्न | गॅलाघर |
|---|---|---|
| स्टॅग्ज लीप | १५ (१) | १४ (५.५) |
| मूतों रॉथशिल्ड | १२ (४.५) | १५ (३) |
| मोंत्रोझ | १२ (४.५) | १४ (५.५) |
| ओ-ब्रियाँ | १२ (४.५) | १२ (९) |
| रिज माँटे बेलो | ७ (७) | १६ (२) |
| लेओविल लास काझ | १२ (४.५) | १४ (५.५) |
| हाइट्झ | २ (९.५) | १७ (१) |
| क्लो द्यु व्हाल | २ (९.५) | १३ (८) |
| मायाकामस | १३ (२) | ९ (१०) |
| फ्रीमार्क अॅबी | ५ (८) | १४ (५.५) |

गुण सोडून क्रम घेण्याचा फायदा इथे लगेच दिसतो. काह्न २ ते १५ अशा पट्ट्यात गुण देतात, त्यांची सरासरी ९.२. गॅलाघर ९च्या खाली उतरतच नाहीत, त्यांची सरासरी १३.८. कोणाचा हात सढळ आणि कोणाचा आखडता, हा आपला प्रश्न नाही. कोणती वाइन कोणत्या वाइनच्या वर, एवढेच पाहायचे आहे. फोटोवरून काम करणाऱ्याला याचा आणखी एक दिलासा मिळतो. फ्रीमार्क अॅबीचे काह्न यांनी दिलेले ५ गुण अंधुक असते आणि ते ३ किंवा ६ म्हणून वाचले गेले असते, तरी क्रम आठवाच राहिला असता, कारण तिच्या वर ७ आहेत आणि खाली २. पण हा दिलासा सगळीकडे मिळत नाही. गॅलाघर यांच्या ओळीत त्याच वाइनला १४ आहेत आणि १४ गुण मिळालेल्या वाइन चार आहेत. तिथे १४चे १३ वाचले, तर तीन वाइनचा क्रम ५.५ वरून ५ वर येतो आणि क्लो द्यु व्हालही हलते. पुढे जो गुणांक निघणार आहे तो एवढ्या एका गुणाने उणे ०.३९ वरून उणे ०.३० वर येतो. बरोबरीत असलेला आकडा चुकला की तो एकटा चुकत नाही.

प्रत्यक्ष हिशेब सोपा आहे. प्रत्येक वाइनच्या दोन क्रमांतला फरक काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि सगळे वर्ग मिळवायचे. मोंत्रोझ आणि लेओविल यांचा फरक एकच, म्हणून वर्गही १. रिजचा फरक ५, वर्ग २५. हाइट्झचा फरक साडेआठ, वर्ग ७२.२५. मायाकामसचा फरक ८, वर्ग ६४. दहाही वर्गांची बेरीज २१४.५. ती शालेय पुस्तकातल्या सूत्रात घालायची:

```
rho = 1 − 6·Σd² / (n(n² − 1))
    = 1 − 6·214.5 / 990
    = −0.30
```

बहुतेक जण इथेच थांबतात, आणि या दोन ओळींच्या बाबतीत थांबणे बरोबर नाही. चार्ल्स स्पिअरमन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९०४ साली ही पद्धत मांडली. वरचे आटोपशीर सूत्र दोन्ही याद्यांत १ ते १० हे सगळे क्रम एकेकदाच येतात असे गृहीत धरते. तसे असेल तर क्रमांच्या सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज प्रत्येक यादीत ८२.५ असते, आणि सूत्रातले ९९० त्यातूनच आलेले आहेत. बरोबरी आली की क्रम मधोमध गोळा होतात आणि ही बेरीज घटते. चौघांच्या बरोबरीने ती ५ने घटते, दोघांच्या बरोबरीने अर्ध्याने. काह्न यांच्याकडे चौघींची एक आणि दोघींची एक बरोबरी आहे, म्हणून ७७ उरतात. गॅलाघर यांच्याकडे चौघींची एक, म्हणून ७७.५. आता क्रमांवरच नेहमीचा सहसंबंध काढायचा:

```
(77 + 77.5 − 214.5) / 2 = −30
−30 / √(77 × 77.5) = −0.39
```

पद्धत तीच, पण बरोबरी मोजली की उणे ०.३० चे उणे ०.३९ होते. गणकयंत्रावर कोणी उणे ०.३० काढले आणि संगणकाने उणे ०.३९ दाखवले, तर दोघांपैकी कोणी बेरीज चुकलेले नसते. एकाने बरोबरी धरली आणि दुसऱ्याने धरली नाही, एवढेच. कोणाच्याही लेखात क्रमसहसंबंध दिसला की मी आधी बरोबऱ्या मोजतो. त्या भरपूर असतील आणि लेखकाने आटोपशीर सूत्र वापरले असेल, तर आकडा थोडा शून्याच्या बाजूला किंवा अधिकाच्या बाजूला सरकलेला सापडतो.

मग उणे ०.३९ने काय सिद्ध झाले? एकट्याने फारसे काही नाही. दहा वस्तूंच्या क्रमवारीत निव्वळ योगायोगानेही मोठे आकडे निघतात. पाच टक्क्यांची नेहमीची पातळी ओलांडायला दोन्ही बाजूंनी सुमारे ०.६५ लागतात. या दोघींच्या आवडी एकमेकींच्या विरुद्ध होत्या असे या तक्त्यावरून म्हणता येत नाही. एकमेकींशी जुळत होत्या असे म्हणायला मात्र काहीच आधार नाही.

दोघींपैकी एखादी मुळातच बेभरवशाची होती का, अशी शंका येते. तक्त्यात तिला उत्तर आहे. रोमाने-काँती या बर्गंडीतल्या नामांकित घराण्याचे सहमालक ऑबेर द विलेन यांची ओळ काह्न यांच्याशेजारी ठेवली तर गुणांक ०.८० येतो. द विलेन आणि ‘तायव्हाँ’ रेस्टॉरंटचे जाँ-क्लोद व्रिना यांच्यात तर तो ०.९८ आहे, दोघांच्या क्रमांत एका जागेहून मोठा फरक एकदाही पडलेला नाही. अकरा माणसे एकाच दालनात त्याच दहा वाइन चाखत असताना अशीही जोडी सापडते आणि काह्न-गॅलाघर यांच्यासारखीही. म्हणजे काह्न लहरी नव्हत्या. निदान एका जाणकार परीक्षकाशी त्यांचे बऱ्यापैकी पटत होते. गॅलाघर यांच्याशी पटले नाही, ते त्यांच्या एकूण अंदाधुंदीमुळे नव्हे.

आता वर्गांच्या यादीकडे पुन्हा पाहू. २१४.५ पैकी १३६.२५ फक्त दोन वाइनमधून आले आहेत: हाइट्झ आणि मायाकामस. हाइट्झ वगळून उरलेल्या नऊंना नव्याने क्रम दिले, तर गुणांक उणे ०.२० होतो. मायाकामस वगळली तर उणे ०.२२. दोन्ही वगळल्या तर अधिक ०.०७. दोघींचा सगळा विरोध या दोन रकान्यांत साठलेला आहे. उरलेल्या आठ वाइनमध्ये त्यांचे एकमेकींशी ना वैर, ना मैत्री. गुणांक हा एक आकडा असल्यामुळे तो जणू सगळ्या यादीभर सारखा पसरला आहे असे वाटते. वर्ग शेजारी शेजारी लिहून पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

या दोन रकान्यांत काय घडले असावे? इथून पुढे पुरावा संपतो आणि अंदाज सुरू होतो, म्हणून पावले जपून टाकायला हवीत.

निश्चित असे एवढे: व्हाइट वाइनचा निकाल रेडची चाचणी सुरू होण्याआधीच स्परियर यांनी जाहीर केला. हॉटेलचे वाढपी टेबले आवरायला वेळ लावत होते, म्हणून त्यांनी ठरलेला क्रम मोडला, असे टेबरने लिहिले आहे. म्हणजे रेडचे पेले समोर आले तेव्हा कॅलिफोर्नियाची शार्दने पहिली आली आहे हे परीक्षकांना माहीत होते. हेही निश्चित की दहा रेडमध्ये चार फ्रेंच आणि सहा कॅलिफोर्नियाच्या होत्या. आता काह्न यांचा रकाना पुन्हा वाचा. १२ गुण मिळालेल्या चार वाइन म्हणजे मूतों, मोंत्रोझ, ओ-ब्रियाँ आणि लेओविल. चारही फ्रेंच, आणि फ्रेंच तेवढ्या चारच. त्यांच्याखालच्या चार, म्हणजे ७, ५, २ आणि २ गुणांच्या, सगळ्या कॅलिफोर्नियाच्या.

पहिल्याच वाचनात मनात येते ते असे: त्या फ्रेंच वाइन ओळखत होत्या आणि ज्या अमेरिकन वाटल्या त्यांना खाली ढकलत होत्या. हाइट्झची ही वाइन निलगिरी-पुदिन्यासारख्या वासासाठी प्रसिद्ध आहे. जाणकार नाकाला ती बोर्दोची नाही हे पहिल्या हुंगण्यात कळले असते, तर नवल नाही. गॅलाघर यांच्या बाजूनेही असाच तर्क लढवता येतो. त्या १९७५ साली कॅलिफोर्नियात जाऊन तिथल्या वाइनरी पाहून आल्या होत्या. तो वास त्यांच्या ओळखीचा असू शकतो आणि १७ गुण त्या ओळखीचे असू शकतात.

पण काह्न यांच्या रकान्याचे वरचे टोक या तर्काला अडवते. त्यांची पहिली वाइन स्टॅग्ज लीप आणि दुसरी मायाकामस. दोन्ही कॅलिफोर्नियाच्या. अमेरिकन ओळखून खाली पाडायचे असा बेत असेल, तर तो सहापैकी दोन वेळा साफ उलटला. मायाकामसला १३ देऊन त्यांनी चारही फ्रेंच वाइनच्या वर बसवले, तर गॅलाघर यांनी तिला शेवटी टाकले. त्यांना ती फ्रेंच वाटली असेल, असे म्हणून हा तर्क वाचवता येतो. पण मग तो कुठल्याही तक्त्याला लागू पडेल आणि त्याची किंमत शून्य होईल. दुसरे साधे स्पष्टीकरण असे की त्या बोर्दोच्या घडणीला एक ठरावीक गुण देत होत्या, त्या घडणीच्या सर्वांत जवळ जाणाऱ्या आणि त्यांना अधिक आवडलेल्या दोन वाइनना त्याहून जास्त, आणि दूर जाणाऱ्यांना बरेच कमी. चार बारा या स्पष्टीकरणातही बसतात, आणि वरच्या दोन कॅलिफोर्नियाही. माझा कल याकडे आहे, पण तक्त्यातला एकही आकडा या दोन स्पष्टीकरणांत निवाडा करत नाही. चार बाराकडे आपले लक्ष गेले ते उत्तरे उघडल्यानंतर, हेही विसरून चालणार नाही. लेबले पाहिल्यावर शोधलेली नक्षी लेबलांशी जुळतेच.

हा तक्ता संख्याशास्त्रज्ञांच्याही हाती गेला. १९९९ साली ओर्ले अॅशेनफेल्टर आणि रिचर्ड क्वान्ट यांनी ‘चान्स’मध्ये, आणि २००६ साली डेनिस लिंडली यांनी ‘जर्नल ऑफ वाइन इकॉनॉमिक्स’मध्ये त्याची चिरफाड केली. अॅशेनफेल्टर आणि क्वान्ट यांचा रोख परीक्षकांच्या गुणांची सरळ बेरीज करण्यावर होता. ज्याचा पट्टा रुंद त्याचे वजन बेरजेत जास्त पडते. क्रमांत मात्र सर्वांना सारखे मत मिळते. काह्न यांचा पट्टा २ ते १५, व्रिना यांचा ७ ते १५. क्रमांच्या हिशेबात दोघे एकाच उंचीवर, बेरजेच्या हिशेबात काह्न यांचे एक मत जवळजवळ दीड मतासारखे.

आणि ते वजन कुठे पडले हे अधिकृत आकड्यांवरूनच काढता येते. नऊ परीक्षकांच्या बेरजेत स्टॅग्ज लीप १२७.५, मूतों १२६, ओ-ब्रियाँ १२५.५ आणि मोंत्रोझ १२२. काह्न यांनी या चौघींना अनुक्रमे १५, १२, १२ आणि १२ दिले. त्यांनी मागितलेली गुणपत्रिका त्यांना परत देऊन टाकली असती आणि उरलेल्या आठांचीच बेरीज केली असती, तर मूतों ११४ गुणांनी पहिली, ओ-ब्रियाँ ११३.५ गुणांनी दुसरी आणि स्टॅग्ज लीप ११२.५ गुणांनी तिसरी आली असती. काह्न यांचा कागद ठेवून निकालात न धरलेला गॅलाघर यांचाही कागद मिळवला, तर स्टॅग्ज लीप १४१.५ आणि मूतों १४१.